पिक अँड प्लेसचा उभा सिलिंडर: ४० बोअर लावला आणि कंप्रेसर धापा टाकतोय

जोडणीकार (धागाकर्ता)

मंडळी, एक छोटं पिक अँड प्लेस स्टेशन जुळवलंय. ट्रेमधून भाग उचलायचा, ३०० मिमी आडवा न्यायचा आणि फिक्स्चरमध्ये ठेवायचा. मिनिटाला १५ भाग. आडवी हालचाल ठीक आहे, छळतोय तो उभा सिलिंडर.

वजनं अशी: ग्रिपर १.४ किलो, प्लेट आणि स्लाइड मिळून १.६, भाग १ किलो. एकूण ४ किलो, म्हणजे साधारण ४० न्यूटन. सुरक्षिततेसाठी दुप्पट केलं, गाइडच्या घर्षणासाठी पुन्हा दुप्पट, प्रेशर पडलं तर म्हणून आणखी एकदा दुप्पट. झाले ३२० न्यूटन. त्याला ३२ बोअर पुरला असता, पण कपाटात ४० बोअर, १०० स्ट्रोकचा पडून होता, तो लावला. जास्तीचा जोर कुणाला नको असतो?

हवेचा हिशोबही केला होता. पिस्टनचं क्षेत्रफळ गुणिले स्ट्रोक म्हणजे ०.१२६ लिटर, गुणिले ६ बार, गुणिले १५. मिनिटाला ११ लिटर. कंप्रेसरच्या पाटीवर १०० लिटर लिहिलंय. म्हणजे चंगळ व्हायला हवी होती.

प्रत्यक्षात कंप्रेसर बंदच होत नाही. रेग्युलेटर ६ वर आहे, पण तासाभराने स्टेशनचा गेज ५ च्या आसपास नाचतो. आणि वर जाताना शेवटी असा दणका बसतो की पुढच्या बाकावरचे बोल्ट सरकतात.

कंप्रेसर मोठा घ्यावा की बोअर कमी करावा?

---

सातवा_पाना

शीर्षक वाचून वाटलं कंप्रेसरला दम्याचा त्रास आहे. वाचतोय.

---

नाना_फिटर

बोअर अजिबात कमी करू नका. तीस वर्षं मशिनं लावतोय, सिलिंडर छोटा पडल्याचं दुःख फार वाईट असतं. मोठा असला तर फ्लो कंट्रोल आवळता येतो, छोट्याला ताकद कुठून आणणार?

दणक्याचं म्हणाल तर ४० बोअरला दोन्ही टोकांच्या झाकणांवर कुशनचे छोटे स्क्रू असतात. पाव पाव फेरा आत घेत जा. नव्वद टक्के लोक ते उघडेच ठेवून देतात आणि मग सिलिंडरला शिव्या घालतात.

---

गणितज्ञ_नाही

माझं मत वेगळं. १ किलोचा भाग दोन जबड्यांत धरायचा, घर्षण गुणांक ०.२ धरला तर प्रत्येक जबड्याला किमान २५ न्यूटन लागतात. हालचालीत झटके येतात म्हणून त्याच्या तिप्पट-चौपट. म्हणजे १०० न्यूटन. ४० बोअर फारच मोठा आहे, भागावर वळ उठतील.

---

पीएलसीवाला

@गणितज्ञ_नाही, तुम्ही ग्रिपर काढलात. प्रश्न ग्रिपर वर-खाली करणाऱ्या सिलिंडरचा आहे. गणित बरोबर, दारच चुकलं.

---

गणितज्ञ_नाही

अरेच्चा. खरंच की. नावाला जागलो.

---

निर्वात

जोडणीकार, आधी दोन गोष्टी सांगा. सिलिंडरची बॉडी वर आणि रॉड खाली असं बसवलंय ना? आणि १०० मिमी किती वेळात जायला हवं?

---

जोडणीकार

हो, रॉड खाली, त्याला प्लेट. ०.४ सेकंदात वर गेला तर १५ चा हिशोब जमतो.

---

निर्वात

मग उचलण्याचं काम रॉडच्या बाजूची हवा करते. तिथे पिस्टनचं पूर्ण क्षेत्रफळ मिळत नाही, त्यातून रॉडची जागा वजा होते. खूप जण ढकलण्याचा आकडा बघून बोअर निवडतात आणि मशीन ओढण्यावर चालवतात. तुमचा सिलिंडर इतका मोठा आहे की ही चूक दिसलीच नाही, पण बोअर कमी करताना दिसेल.

दुपटीवर दुप्पट न करता सरळ मोजू. ०.४ सेकंदातला अर्धा वेळ वेग वाढवायला, अर्धा कमी करायला असं धरलं तर त्वरण २.५ मी/से² येतं. हवेचा सिलिंडर इतका शिस्तीत चालत नाही, पण अंदाजाला पुरे. ४ किलो गुणिले (९.८१ + २.५) म्हणजे ४९ न्यूटन. गाइडच्या घर्षणाला १० द्या. झाले ६०.

आता दाब कोणता धरायचा? रेग्युलेटरवरचा ६ नाही. स्टेशन चालू असताना गेजवर जो सगळ्यात कमी दिसतो तो, म्हणजे तुमच्याकडे ५.

हालत्या भाराला सिलिंडरच्या कागदी ताकदीचा निम्मा भागच वापरायचा असा माझा नेम आहे. उरलेला निम्मा सिलच्या घर्षणात आणि समोरची हवा बाहेर ढकलण्यात जातो. म्हणजे कागदावर १२० न्यूटन हवेत. १६ बोअर, ६ मिमी रॉड: ५ बारला ओढ ८६ न्यूटन. २० बोअर, ८ मिमी रॉड: १३२ न्यूटन.

तुम्हाला २० बोअर पुरतो. तुमची सगळी सुरक्षितता त्या 'निम्मा'मध्ये आलेली आहे, तिला पुन्हा दुप्पट करायची गरज नाही.

---

सातवा_पाना

४० वरून थेट २०. नाना, पाणी घ्या.

---

नाना_फिटर

घेतलं. तरी पटलं नाही. ४० बोअर आवळून चालवला तर काय बिघडतं? आणि मोठा सिलिंडर जोरात उचलतो, वेग जास्तच मिळेल.

---

निर्वात

नाना, कुशनच्या स्क्रूचं तुमचं शंभर टक्के बरोबर आहे, ते आजच करावं. पण वेगाचं उलटं होतं.

४० बोअर ६ बारला ६३४ न्यूटनने ओढतो. भार ६०. उरलेल्या पावणेसहाशे न्यूटनला कुणीतरी थोपवायला हवं. ते काम पिस्टनच्या दुसऱ्या बाजूला कोंडलेली हवा करते, जी तुम्ही फ्लो कंट्रोलमधून हळूहळू सोडता. म्हणजे सिलिंडर मुख्यतः स्वतःच्याच हवेशी कुस्ती खेळतोय, भार उचलणं हे जोडकाम. आणि कुस्ती संपली की ती सगळी हवा सायलेन्सरमधून बाहेर.

वेगाचं म्हणाल तर व्हॉल्व्ह आणि ट्यूब तेच ठेवून बोअर दुप्पट केला की भरायची जागा चौपट होते. व्हॉल्व्ह पडल्यापासून पिस्टन हलेपर्यंतचा वेळही वाढतो. रीड स्विच बघून पीएलसीत तो मोजता येतो.

---

पीएलसीवाला

हे मी मोजलंय. आमच्याकडे एका मशीनवर ५० बोअर होता, सोलेनॉइड पडल्यापासून घरचा रीड स्विच सुटेपर्यंतच वेळ जायचा. प्रोग्राममध्ये दोष शोधत बसलो होतो. लोक सायकल टाइम वाढला की आधी आमच्याकडे बघतात.

बाकी मला १६ सुद्धा चालेल असं वाटतं. ६० भागिले ८६ म्हणजे ७० टक्के. माझ्या दोन मशिनी इतक्यावर वर्षानुवर्षं चालल्यात.

---

निर्वात

चालतील, हळू असतील तर. याच्याकडे ०.४ सेकंद आहेत. शिवाय प्रेशर कधी ४.२ वर आलं तर १६ बोअरची ओढ ७३ न्यूटन उरते. ६० चा भार तरी उचलेल, पण रांगत. सकाळी वेगळा सायकल टाइम, दुपारी वेगळा.

---

पीएलसीवाला

प्रेशर ४.२ वर येऊ देणं हाच मूळ रोग नाही का? तो बरा करा, १६ लावा. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतंय.

---

निर्वात

नको व्हायला. १६ की २० यात हवेचा फरक थोडा आहे. ४० की २० यात सगळा खेळ आहे.

---

जोडणीकार

बलाचं कळलं. ओढण्याच्या बाजूचं लक्षातच आलं नव्हतं, कबूल. पण हवेचं कोडं सुटलं नाही. माझ्या हिशोबाने ४० बोअरसुद्धा ११ लिटरच खातो. मग १०० लिटरचा कंप्रेसर का मरतोय? पाटी खोटी आहे का?

---

कोपऱ्यातला_कंप्रेसर

पाटीबद्दल बोलायला माझ्याइतका हक्क कुणाला नाही (नाव बघा). छोट्या कंप्रेसरच्या पाटीवर बऱ्याचदा पिस्टन किती हवा ओढतो तो आकडा असतो, बाहेर किती येते तो नाही. प्रत्यक्षात दोन-तृतीयांश मिळाली तरी नशीब समजायचं. तुमच्या पाटीवर नेमकं काय लिहिलंय ते नीट वाचा.

आमच्याकडे एकदा असंच झालं होतं. मशीन बंद, सुट्टीचा दिवस, तरी कंप्रेसर दर काही मिनिटांनी सुरू व्हायचा. शेवटी एका खाली पडलेल्या ट्यूबला खुर्चीच्या चाकाने केलेलं भोक सापडलं. जेमतेम १ मिमीचं. ५ बारला तेवढ्या भोकातून मिनिटाला ५० लिटरच्या आसपास हवा जाते. त्या खुर्चीवर बसणारा मीच होतो, ही गोष्ट बरीच वर्षं लपवून ठेवली.

---

जोडणीकार

पाटी वाचली. बाहेर येणारी मोकळी हवा १०० लिटर असंच स्पष्ट लिहिलंय.

---

निर्वात

मग पाटीला सोडा, तुमचा हिशोब बघू. त्यात चार गळत्या आहेत, आणि सगळ्या एकाच दिशेच्या.

एक, तुम्ही फक्त एकच स्ट्रोक धरलात. सिलिंडर जातानाही खातो आणि येतानाही. ४० बोअरला जातानाचे ०.१२६ लिटर आणि येतानाचे, रॉड वजा करून, ०.१०६. एकूण ०.२३१.

दोन, ६ बार हा गेजचा दाब. गेज शून्य दाखवतो तेव्हाही आत वातावरणाची हवा असतेच. म्हणून ६ बारला गुणक ६ नाही, ६.९. म्हणजे एका फेरीला १.६ लिटर मोकळी हवा.

तीन, ट्यूब. व्हॉल्व्हपासून सिलिंडरपर्यंतची ट्यूब प्रत्येक फेरीला भरते आणि रिकामी होते. तिच्यातली हवा काहीच काम करत नाही. ट्यूब कोणती, किती लांब?

चार, आणि ही सगळ्यात मोठी. मिनिटाला १५ भाग म्हणजे उभ्या सिलिंडरच्या १५ फेऱ्या नव्हेत. घ्यायला एकदा खाली-वर, ठेवायला एकदा खाली-वर. तीस.

---

सातवा_पाना

चौथ्यावर मी स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. आणि माझं तर मशीनही नाही.

---

जोडणीकार

अरे देवा. तीस. बरोबर.

ट्यूब ८ मिमीची, आतून ६. व्हॉल्व्ह पॅनेलमध्ये आहेत, केबल चेनमधून जाते म्हणून प्रत्येकी ३ मीटर.

---

निर्वात

३ मीटरची एक ट्यूब म्हणजे ८५ घनसेंमी, दोन मिळून ०.१७ लिटर. ट्यूबला गुणक मात्र गेजचाच लागतो, कारण ती रिकामी झाली तरी आत एक वातावरण उरतं, त्याच्या वरचंच भरायचं असतं. सिलिंडरची जागा शून्यापासून उघडते, म्हणून तिथे पूर्ण दाब. असं लिहून ठेवा:

```
Q = [ V_cyl × (p + 1.013) + V_tube × p ] / 1.013
```

Q एका फेरीची मोकळी हवा लिटरमध्ये, p गेजचा दाब बारमध्ये, V_cyl दोन्ही स्ट्रोकचं मिळून, V_tube दोन्ही ट्यूबचं मिळून.

तुमचं आत्ताचं: सिलिंडर १.६, ट्यूब १.०, एकूण २.६ लिटर. गुणिले ३०, मिनिटाला ७८ लिटर. तुम्ही ११ समजत होतात.

आडवा कोणता आहे हो?

---

जोडणीकार

३२ बोअर, ३०० स्ट्रोक. त्याची तक्रार नाही म्हणून लिहिलं नव्हतं.

---

निर्वात

तो तक्रार करत नाही, पण खातो. रॉड १२ ची असेल तर ६ बारला ट्यूब सोडूनच मिनिटाला ४६ लिटर. त्याला १५ च फेऱ्या, तरी इतके. उभा ७८, आडवा ४६, झाले १२४. कंप्रेसर देतो १००. तो धापा टाकत नाही, तो तोट्यात चाललाय. तुमचा गेज ५ वर येऊन का थांबतो तेही कळेल: दाब जितका पडेल तितकी प्रत्येक फेरीची हवा कमी लागते, म्हणून कुठेतरी खाली जाऊन तोल साधला जातो.

---

नाना_फिटर

'तोट्यात चाललाय' हे आवडलं. बरं, ताई, मग सिलिंडर न बदलता एक उपाय सुचवतो. ४० बोअर तसाच ठेवा, त्याला जाणारा दाब कमी करा. दीड बारला ४० बोअरची ओढ १५८ न्यूटन येते, मी आत्ताच काढलं. म्हणजे तुमच्या २० बोअरपेक्षा जास्तच. हवाही कमी. सिलिंडर मागवण्याची भानगड नाही.

---

निर्वात

नाना, हे खरंच चांगलं आहे आणि मी ते आधी सांगायला हवं होतं. दीड बारला ४० बोअरची फेरी ०.८२ लिटरवर येते, २.६ वरून. नवा सिलिंडर येईपर्यंत हेच करावं.

दोन अडचणी मात्र आहेत. रेग्युलेटर व्हॉल्व्हच्या आधी लावला तर व्हॉल्व्हच अडेल. आतून पायलट घेणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला साधारण दीड ते अडीच बार किमान दाब लागतो, काठावर असला की कधी पडतो, कधी पडत नाही. म्हणून रेग्युलेटर व्हॉल्व्ह आणि सिलिंडरच्या मध्ये बसवा, आणि उलटी हवा परत जाऊ देणारा घ्या. दुसरं, इतक्या कमी दाबाला मोठ्या बोअरचं सिल अडखळतं. धक्के देत, थांबत-थांबत वर जाईल. ग्रिपरमध्ये नाजूक भाग असेल तर ते दिसेल.

---

पीएलसीवाला

हेच तत्त्व २० बोअरलाही लावता येईल की. खाली जाताना वजन मदतच करतं, मग त्या बाजूला ५ बार कशाला? खालच्या स्ट्रोकला अडीच बार द्या.

---

निर्वात

देता येईल. खालच्या स्ट्रोकची हवा ०.१९ वरून ०.११ वर येते. फक्त फिक्स्चरमध्ये भाग दाबून बसवायचा असेल तर तेवढा जोर उरतो का ते बघा. नुसता ठेवायचा असेल तर बिनधास्त.

---

आस्तेकदम

मी उशिरा आलो, पण एवढ्या चर्चेत कुणी विचारलं नाही म्हणून विचारतो. हवा गेली तर ४ किलो कुठे जातात? रॉड खाली आहे. इमर्जन्सी स्टॉपला हवा सोडून देत असाल तर ग्रिपर खाली येणार, आणि तिथे कुणाचा हात असू शकतो. ४० बोअरच्या सिलमध्ये घर्षण जास्त, कदाचित हळू उतरत असेल म्हणून लक्षात आलं नसेल. २० बोअर आणि चांगल्या गाइडवर सर्रकन येईल.

शिवाय हवा परत दिल्यावरचा पहिला स्ट्रोक बघा. समोरची बाजू रिकामी असते, फ्लो कंट्रोलला आवरायला हवाच नसते, त्यामुळे पहिला धक्का तोफेसारखा.

---

जोडणीकार

हवा सोडतो. आणि हो, ग्रिपर हळूहळू खाली येतो. मी त्याला 'सौम्य वर्तन' समजत होतो.

---

आस्तेकदम

रॉडच्या बाजूच्या पोर्टला पायलटवर उघडणारा चेक व्हॉल्व्ह लावा, थेट सिलिंडरवर, मध्ये ट्यूब नको. हवा गेली की तो हवा कोंडून धरतो. पण लक्षात ठेवा, दुरुस्तीला गेलेल्या माणसाला गेज शून्य दिसेल आणि सिलिंडरमध्ये दाब असेल. कोंडलेली हवा सोडायला हाताने दाबायची सोय असलेलाच घ्या.

---

नाना_फिटर

चेक व्हॉल्व्हवर माझा भरवसा नाही. सिल गळलं की तासाभरात खालीच. मी रॉड लॉक लावतो, स्प्रिंगने रॉड पकडणारा.

---

आस्तेकदम

रॉड लॉक लांबी आणि वजन दोन्ही वाढवतो, नाना. आणि हालत्या रॉडवर वारंवार पकडला तर झिजतो. प्रत्येकाचं आपलं.

---

सातवा_पाना

अवांतर: चार किलोच्या ग्रिपरवर इतकं प्रेम मी माझ्या मोबाइलवरही केलं नाही.

---

निर्वात

जोडणीकार, २० बोअर मागवण्याआधी शेवटचं एक. जोर पुरतो म्हणून सिलिंडर पुरतो असं नाही. टोकाला थांबवायची ऊर्जा बघा. सरासरी वेग ०.२५ मी/से, टोकाला त्याच्या दीडपट धरला तर ०.३७५. अर्धा गुणिले ४ गुणिले वेगाचा वर्ग, ०.२८ जूल. छोट्या गोल सिलिंडरमध्ये टोकाला नुसतं रबर असतं, २० बोअरला ते ०.२ जूलच्या आसपास सोसतं, कॅटलॉगमध्ये नेमका आकडा मिळेल. म्हणजे तुम्ही त्याच्या वर आहात. चार-सहा महिने काही होणार नाही, मग रबर भुगा होऊन एके दिवशी पिस्टन धातूवर आपटायला लागेल. आवाज आधी बदलतो, 'ठप' चा 'टण' होतो.

हवेच्या कुशनचा प्रकार घ्या किंवा प्लेटला बाहेरून शॉक अब्सॉर्बर लावा. आणि जमलं तर व्हॉल्व्ह सिलिंडरजवळ आणा. ६ मिमीची, आतून ४ असलेली ट्यूब २० बोअरला पुरते, पण ३ मीटरच्या दोन ट्यूब ०.०७५ लिटरच्या आणि सिलिंडर दोन्ही बाजू धरून ०.०५८ लिटरचा. हवा सिलिंडरपेक्षा ट्यूबच जास्त गिळेल.

---

पीएलसीवाला

व्हॉल्व्ह जवळ म्हणजे सरकणाऱ्या गाड्यावर, म्हणजे केबल चेनमध्ये वायरी वाढणार. वायरी मी ओढणार. धन्यवाद.

---

गणितज्ञ_नाही

एक शंका, यावेळी योग्य दाराने. व्हॉल्व्हसुद्धा मिनिटाच्या सरासरीवरच निवडायचा का?

---

निर्वात

अगदी योग्य दार. नाही. सरासरी कंप्रेसरसाठी, कारण मध्ये टाकी आहे. व्हॉल्व्ह, ट्यूब आणि एफआरएलला त्या ०.४ सेकंदाचा उपसा सोसायचा असतो. ४० बोअरला खाली जाताना ट्यूबसकट १.३७ लिटर ०.४ सेकंदात, म्हणजे मिनिटाला २०५ लिटरचा वेग. सरासरी ७८ च. एफआरएल सरासरीवर घेतला तर प्रत्येक स्ट्रोकला त्याचा काटा डुबकी मारतो, आणि शेजारचा ग्रिपर त्याच क्षणी ढिला पडतो.

---

कोपऱ्यातला_कंप्रेसर

जोडणीकार, काहीही बदलण्याआधी एक मोजमाप घ्या, नाहीतर नंतर फरक कळणार नाही. टाकी भरा, कंप्रेसर बंद करा, आडवा थांबवून फक्त उभा चालवा, आणि टाकीचा गेज ८ वरून ७ वर यायला किती सेकंद लागतात ते घ्या. ५० लिटरची टाकी असेल तर एक बार म्हणजे ४९ लिटर मोकळी हवा. मग सगळं थांबवून तेच पुन्हा. तो आकडा निव्वळ गळतीचा. फ्लो मीटर लागत नाही, मनगटावरचं घड्याळ पुरतं.

---

जोडणीकार

टाकी ५० चीच आहे. आत्ता घेतलं.

उभा चालू: ३४ सेकंद. म्हणजे मिनिटाला ८७ लिटर.
सगळं बंद: साडेपाच मिनिटं. म्हणजे ९ लिटर गळती.

८७ वजा ९ म्हणजे ७८. निर्वातताईंच्या आकड्यावर बोट ठेवल्यासारखं. मी खुर्चीतून उठून उभा राहिलो.

---

सातवा_पाना

खुर्चीचं चाक ट्यूबवर नाही ना, ते बघा आधी.

---

नाना_फिटर

हे बघून माझाही विचार बदलला. पूर्ण नाही. ३२ पर्यंत आलोय, २० वर यायला वेळ लागेल.

---

जोडणीकार

तीन आठवड्यांनी परत येतोय.

मधल्या काळात नानांचा दीड बारवाला उपाय केला. कंप्रेसरला लगेच श्वास मिळाला, पण सिलिंडर खरंच अडखळत वर जायचा, विशेषतः सकाळी. भाग दोनदा पडला. मग दोन बारवर नेला, तेव्हा चाललं.

आता २० बोअर, हवेच्या कुशनचा, बसवलाय. व्हॉल्व्ह गाड्यावर आणले, ट्यूब प्रत्येकी ०.६ मीटर. रेग्युलेटर ५ वर. रॉडच्या पोर्टला चेक व्हॉल्व्ह, हाताने सोडायच्या बटणासकट. ०.४ सेकंद आरामात मिळतात, दणका गेला, बोल्ट जागेवर आहेत.

सूत्राने फेरीला ०.४२ लिटर येतात, तीस फेऱ्यांना साडेबारा. टाकीची तीच चाचणी केली: १३० सेकंद, म्हणजे मिनिटाला २३ लिटर. गळतीचे ९ वजा केले तर १४. दीड लिटर कुठे गेले कळलं नाही. फिटिंगमधल्या जागा असाव्यात, किंवा माझं घड्याळ.

कंप्रेसर आता बंद होतो, पण फार वेळ नाही. आडवा ३२ बोअर अजून तसाच आहे.

---

निर्वात

दीड लिटर सोडून द्या. घड्याळ तीन सेकंदांनी चुकलं तरी अर्धा लिटर इकडे-तिकडे होतो, बाकी कुशन आणि फिटिंगच्या कोपऱ्यांत. पण हे बघा, २३ मधले ९ गळतीचे. आधी ८७ मध्ये ९ होते तेव्हा कुणाला खुपत नव्हते. आता उभा सिलिंडर जितकी हवा खातो, तिच्या जवळजवळ दोन-तृतीयांश इतकी हवा नुसती गळतेय.

---

कोपऱ्यातला_कंप्रेसर

साबणाचं पाणी आणि ब्रश. पुश फिटिंगपासून सुरू करा, विशेषतः जिथे ट्यूब तिरकी कापलीय तिथे. मग ड्रेन व्हॉल्व्ह. तो नेहमी निर्दोष असल्यासारखा चेहरा करून बसलेला असतो.

---

जोडणीकार

ड्रेन व्हॉल्व्हच निघाला. बुडबुडे एवढे की फोटो काढला. उद्या बदलतो, मग आडव्याची वजनं घेऊन येतो. ताई, आडव्याला गुरुत्वाकर्षण नाही, म्हणजे १६ बोअर पुरेल ना?

---

निर्वात

वजन सांगा, किती वेळात ३०० मिमी जायचं ते सांगा. आणि टोकाला कोण थांबवणार तेही. आडव्यात जोर कमी लागतो आणि थांबवायला जड जातं.

---

पीएलसीवाला

आणि वायरी कुठून न्यायच्या ते मला आधी विचारा.